चुरमुरे, पोहे, लाह्या भरून ठेवायच्या आधी : सादळलेलं कुठलं आणि खवट कुठलं, दुकानातच कसं ओळखायचं

मे संपत आला की आमच्याकडं, म्हणजे बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात, घराघरात एकच घाई असते, पाऊस लागायच्या आत डबे भरून घ्यायची. तिखट, पापड, सांडगे यांचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण चुरमुरे-पोहे मात्र आपण जाता जाता पिशवीत टाकतो, आणि मग जुलैत डबा उघडला की मऊ, नाहीतर वास मारणारे. मी चिवड्याच्या ऑर्डरी घेते त्यामुळं हा माल मला सारखा बघून-निवडून घ्यावा लागतो, म्हणून जे नेहमी करते ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चुरमुरे मऊ होणं वेगळं आणि शिळे होणं वेगळं. मऊ म्हणजे सादळलेले, हवेतलं पाणी ओढून घेतलेले, ते कढईत पाच मिनिटं परतले की परत कुरकुरीत होतात. शिळे म्हणजे खवट, आतलं तेल बिघडलेलं, ते कितीही भाजा, ऊन द्या, फोडणी घाला, खवटपणा जात नाही, उलट गरम केल्यावर जास्तच जाणवतो. आपण दुकानात फक्त कुरकुरीत आहेत का एवढंच बघतो आणि तिथंच फसतो, कारण काही दुकानदार जुना माल परत भाजून ठेवतात, चावायला कुरकुरीत लागतो पण घरी आणल्यावर पंधरा दिवसात वास सुटतो. त्यामुळं तपासण्या दोन करायच्या, एक कुरकुरीतपणाची आणि एक वासाची, आणि वासाची आधी करायची.

चुरमुरे : पोत्यापासून सुरुवात

चुरमुरे कसे होतात ते थोडक्यात कळलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. भात भिजवून, उकडून, वाळवून त्याचा तांदूळ काढतात, त्याला मिठाचं पाणी लावून मुरवतात, आणि मग भट्टीवर तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्यातल्या उरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दाणा काही सेकंदात फुगतो, मग चाळणीनं वाळू वेगळी करतात. म्हणजे चुरमुऱ्यात तीन गोष्टी येणारच : मीठ, थोडीफार वाळू, आणि आत भरपूर पोकळी. मीठ पाणी ओढतं, हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच ओलं व्हायला लागतं आणि आपल्याकडं पावसाळ्यात तेवढा दमटपणा रोजचाच असतो. म्हणून खारे चुरमुरे अळणी चुरमुऱ्यांपेक्षा लवकर सादळतात. साठवायचे असतील आणि अळणी किंवा कमी मिठाचे मिळत असतील तर तेच घ्या, मीठ फोडणीत घालता येतं.

आता दुकानात. रविवार पेठेत घ्या, खडे बाजारात घ्या नाहीतर गावच्या आठवडी बाजारात, पहिली नजर पोत्यावर टाका. पोतं उघडं किती दिवसांचं आहे ते कडेवरून कळतं, तोंडाशी चुरमुरे चेपून बसलेले असतील, बोटानं ढकलल्यावर सळसळ न करता गठ्ठ्यानं हलत असतील तर ते पोतं आज-कालचं नाही. दारात ठेवलेलं पोतं पावसाळी हवेत एका दिवसातसुद्धा मऊ पडतं. म्हणून मी सरळ विचारते, "मामा, आतलं नवीन पोतं सोडा की जरा, मला जास्त घ्यायचे आहेत." बहुतेक वेळा उत्तर येतं, "हे पण आजच सोडलंय की वैनी, बघा खाऊन." मग खाऊन बघायचंच, त्यात लाजायचं काही नाही.

पण खायच्या आधी वास. पोत्याच्या तोंडाशी नाक नेऊन काही कळत नाही, तिथं सगळ्या दुकानाचा वास असतो. हात कोपरापर्यंत आत घालून मूठभर चुरमुरे काढा, दुसऱ्या हातानं झाका, मुठीत दोन-तीनदा तोंडाची गरम वाफ सोडा आणि लगेच हुंगा. ऊब आणि ओल मिळाली की लपलेला वास वर येतो. चांगल्या चुरमुऱ्यांना भाजल्या तांदळाचा, थोडा गोडसर वास येतो किंवा काहीच येत नाही. जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तो खवट. बंद खोलीचा, कुबट वास आला तर तो बुरशीच्या वाटेवरचा माल, आणि गोणपाटाचा किंवा घासलेटाचा वास आला तर पोतं कुठल्यातरी भलत्या मालाशेजारी पडून होतं. चुरमुऱ्याला पोकळी एवढी असते की शेजारचा वास तो लगेच घेतो, म्हणून साबण-उदबत्तीच्या शेजारी ठेवलेले चुरमुरेसुद्धा मी घेत नाही.

वासात पास झाले की मग चावणं. एक दाणा पुढच्या दातांनी तोडा. ताजा आणि कोरडा असेल तर टक् करून तुटतो, तुटलेली बाजू कोरडी, पांढरी, बारीक भोकांची दिसते. सादळलेला दाणा तुटत नाही, दबतो, आणि दाताला चिकटतो. एका दाण्यावर ठरवू नका, पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणचे बघा. मग आठ-दहा दाणे एकदम तोंडात टाकून सावकाश चावा आणि गिळल्यावर थोडं थांबा. खवटपणाची कडवट चव लगेच लागत नाही, मागून घशाशी येते, त्या आधीच आपण "द्या दोन किलो" म्हणून मोकळे झालेले असतो.

वाळूसाठी मूठभर चुरमुरे काळ्या किंवा गडद कपड्यावर, नाहीतर स्टीलच्या ताटात घेऊन झटका आणि चुरमुरे बाजूला करून खाली काय उरलं ते बघा. थोडी भुकटी आणि एखाद-दुसरा कण चालतो. बोटाला करकर लागेल एवढी वाळू असेल तर ते पोतं नीट चाळलेलंच नाही. पोत्याच्या तळाचे चुरमुरे तर घेऊच नका, सगळी वाळू, भुकटी आणि न फुगलेले टणक दाणे, म्हणजे गणंग, तिथंच जमतात.

रंगाबद्दल थोडंसं. एकदम दुधासारखे पांढरे, मोठ्ठे फुगलेले चुरमुरे बघून खूश होऊ नका. जास्त फुगावेत, पांढरे दिसावेत म्हणून युरिया वापरल्याच्या तक्रारी बऱ्याच ठिकाणी झालेल्या आहेत, खाण्यात त्याला परवानगी नाही. घरी बघून ते खात्रीनं ओळखता येत नाही हेही खरं, कारण तांदळाची जात आणि पॉलिश यानं पण रंग बदलतो. मी एवढंच करते, थोडा पिवळसर, किंचित कमी-जास्त आकाराचा माल दिसला तर तो नाकारत नाही, आणि सगळे दाणे संशय यावा इतके पांढरेशुभ्र असतील तर भट्टी कुठली ते विचारते. दुकानदाराला भट्टी सांगता येत असेल तर बरं, पॅकेटवर असेल तर पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर बघून घ्या.

मापानं की वजनानं, आणि कढईचा हिशेब

आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी चुरमुरे मापानं देतात. मापाचा एक फायदा आहे, सादळलेले असले तरी पाण्याचे पैसे जात नाहीत, कारण पाण्यानं वजन वाढतं, माप फारसं वाढत नाही. तोटा असा की दाणा मोठा, पोकळ असेल तर माप भरतं पण पोटात काही जात नाही, आणि माप भरताना वरून हलकं सोडलं की दाबून भरल्यापेक्षा बरंच कमी येतं. मापानं घेताना माप एकदा आपटून परत भरायला सांगा. घरी अंदाज घ्यायचा तर एक लिटरचं भांडं न दाबता भरून वजन करा, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास भरतं, भडंगाचे चुरमुरे जाड असतात त्यांचा अंदाज वेगळा.

वजनानं घ्यायचे असतील आणि माल जास्त असेल, म्हणजे तुम्ही दुकानासाठी, हॉटेलसाठी नाहीतर गणपतीच्या चिवड्यासाठी घेताय, तर आधी दोन दुकानातून पाव-पाव किलो नमुना आणा आणि ही तपासणी करा. पिशवीचं तोंड घट्ट बांधून आणा, वाटेत हवा लागली तर हिशेब चुकतो. किचनचा डिजिटल वजनकाटा लागेल. १०० ग्रॅम चुरमुरे मोजून घ्या, जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सारखं हलवत परता, दाणा थंड करून टक् तुटेपर्यंत, साधारण पाच-सहा मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही. लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गार करा, उघडे ठेवले तर परत हवा ओढतात, आणि मग परत वजन करा. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी होतं.

समजा पहिल्या दुकानात भाव किलोला ८० रुपये आणि दुसऱ्यात ७४. पहिल्याचे १०० ग्रॅम परतून ९७ झाले, दुसऱ्याचे ८८. म्हणजे पहिल्याकडं किलोत ९७० ग्रॅम खरे चुरमुरे, त्यांचा भाव झाला साडेब्याऐंशी रुपये. दुसऱ्याकडं किलोत ८८० ग्रॅमच, त्यांचा भाव पडतो ८४ च्या वर. स्वस्त वाटणारा माल महाग पडला, वर परतायला गॅस लागणार ते वेगळंच, आणि एवढं पाणी प्यायलेला माल बऱ्याच दिवसांपासून उघडा पडलेला असणार म्हणून त्याचं खवट व्हायचं भयपण जास्त. ताज्या कोरड्या मालात घट दोन-चार ग्रॅमची असते, सात-आठच्या वर गेली की मी साठवायला घेत नाही, त्याच आठवड्यात संपवायला असेल तरच. कढईतून वाफ येताना नाक वर धरा, खवटपणाची तपासणीही त्यातच उरकते.

पोहे : इथं खरी काळजी वासाची

पोह्यांचं गणित थोडं वेगळं. पोहे करताना भात भिजवून, भाजून, गरम असतानाच दाबतात, आणि कोंड्याचा थोडा थर दाण्याला राहतो. त्या कोंड्यात तेल असतं, आणि दाबून चपटा केल्यामुळं ते हवेला उघडं पडतं. म्हणून चुरमुऱ्यांचा मोठा धोका दमट हवा, तसा पोह्यांचा मोठा धोका खवटपणा आणि किडे. लालसर पोहे, ज्याच्यावर कोंडा जास्त राहिलेला असतो, ते चवीला आणि पोटाला छान, पण ते सगळ्यात आधी बिघडतात. लाल पोहे महिनाभराचेच आणा, जास्त नको.

जाड पोह्यांसाठी दुकानात दोन गोष्टी करा. मूठभर घेऊन वरून थोड्या उंचीवरून परत ताटात सोडा, भुकटी किती उडते बघा, आणि खाली किती कणी पडते. तुकडे जास्त असतील तर ते पोहे भिजवल्यावर गिच्च होणार. दुसरं, एखादा पोहा उजेडाकडं धरून बघा, बारीक भोक, पांढरी पूड किंवा दोन-तीन पोहे धाग्यानं एकमेकाला लागलेले दिसले तर जाळी धरायला लागली आहे, आत अळी आहे असंच समजा, किडा दिसत नसला तरी.

वासासाठी पोह्यांना मुठीची वाफ पुरत नाही. चमचाभर पोहे वाटीत घेऊन त्यावर दोन चमचे गरम पाणी घाला, झाका, मिनिटभरानं झाकण काढून हुंगा. दुकानात चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागून हे करता येतं, पण लाज वाटत असेल तर पाव किलो घरी आणून करा आणि मग पाच किलो घ्यायला जा. ताज्या पोह्याला भाताच्या पेजेसारखा वास येतो. याच वाटीत शिजण्याचा अंदाजही येतो, पण त्यासाठी वेगळे थोडे पोहे चाळणीत धुऊन पाणी निथळू द्या आणि दहा मिनिटांनी दोन बोटात दाबा. दबून मऊ झाला आणि आकार टिकला तर उत्तम. मधे टणक दाणा लागला तर फार जाड किंवा जुना वाळलेला, पाण्याचा हबका मारून चालवता येतो. बोटात पीठ झालं तर ते कांदेपोह्याला नको, दहीपोह्यात चालतील.

पातळ पोहे चिवड्याला घेतो तेव्हा तपासणी उलटी, तिथं तुटायला हवेत. एक पोहा बोटांनी वाकवा, कोरडा असेल तर चटकन मोडतो, सादळलेला असेल तर कागदासारखा दुमडतो. दुमडणारे पोहे तेलात किंवा कढईत टाकले की आक्रसतात, आणि चिवडा दोन दिवसात चिवट होतो. उन्हाळ्यात पातळ पोह्यांना तास-दोन तास ऊन दिलं की काम होतं, पावसाळ्यात मंद आचेवर थोडे-थोडे परतावे लागतात. उन्हात दिवसभर मात्र ठेवू नका, उजेड आणि उष्णता दोन्हीनं तेल लवकर बिघडतं. भाजके पोहे घेताना चुरमुऱ्याचीच तपासणी करा, ते आधीच फुगवलेले असतात, त्यांची पाकिटं मी शक्यतो पारदर्शक आणि दुकानात उन्हाकडच्या फळीवर ठेवलेली घेत नाही.

लाह्यांचं थोडक्यात. नागपंचमीला ज्वारीच्या आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या सगळीकडं येतात, त्या सणाच्या आधी आठवडाभरात भाजलेल्याच घ्या. सणानंतर स्वस्त मिळतात म्हणून भरून ठेवू नका, लाहीत पोकळी चुरमुऱ्याहून जास्त. साळीच्या लाहीत टरफलं आणि गणंग किती ते चाळून बघा, आणि ज्वारीच्या लाहीला मागची कडवट चव येते का ते बघा, ज्वारी जुनी असेल तर ती लाहीत लपत नाही. राजगिऱ्याच्या लाह्यांना वास फार पटकन लागतो, त्या पावकिलोच्या वर आणूच नयेत.

किती भरायचं, ते गावावर ठरतं

आपल्या एकाच जिल्ह्यात हवा किती वेगळी. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि तिकडं अथणीकडं हवा कितीतरी कोरडी. त्यामुळं कुणी अथणीतली मावशी म्हणाली की आमचे चुरमुरे दोन महिने छान राहतात तर ते खरंच आहे, पण तेवढे कणकुंबीत भरायचे नाहीत. घाटाकडच्या गावात पावसाळ्यात चुरमुरे पंधरा दिवसांचेच घ्या, बेळगाव शहरात महिन्याचे, चिकोडी-अथणीच्या बाजूला दीड-दोन महिन्यांचे चालतील. पोहे जाड असतील तर कुठंही दोन महिन्यांच्या वर नको.

घरी आणल्यावर पिशवीतून सरळ डब्यात ओतू नका. चुरमुरे आधी चाळा, वाळू आणि भुकटी काढा, गरज वाटली तर परता, पण परतलेले पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, नाहीतर आतल्या आत वाफ धरून सगळी मेहनत पाण्यात. गार मात्र पसरून तासभर नाही, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं, आणि पाऊस चालू असेल तर खिडक्या बंद करून. एक किलो चुरमुऱ्याला साधारण दहा-बारा लिटरचा डबा लागतो. एकाच मोठ्या डब्यातून रोज काढण्यापेक्षा चार-पाच दिवसांचे छोट्या डब्यात काढून घ्या आणि मोठा डबा झाकणाला चिकटपट्टी लावून बंद ठेवा, कारण डबा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा नवीन दमट हवा आत जाते. डबा अर्धा झाला की उरलेले लहान डब्यात हलवा, मोकळी जागा ठेवू नका. दुकानातली पातळ पॉलिथिनची पिशवी साठवणीला चालत नाही, गाठ कितीही मारा.

पोह्यात किडे होऊ नयेत म्हणून फ्रीजरमध्ये जागा असेल तर घट्ट पिशवीत चार दिवस ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तशीच खोलीत गरम होऊ द्या, लगेच उघडली तर थंड पोह्यांवर हवेतलं पाणी जमतं. तमालपत्र, कडुलिंब घालायची पद्धत आहे, त्यानं किडे थोडे लांब राहत असतील, पण ओल आणि खवटपणा त्यानं थांबत नाही.

आणि एवढं करूनही चुरमुरे मऊ पडले, पण वास चांगला आहे, तर टाकू नका. त्यांचा सुशीला करा, चुरमुरे तसेही पाण्यात भिजवून पिळूनच घ्यायचे असतात, वर दाळ्याची पूड, हिरवी मिरची, कांदा, फोडणी आणि लिंबू. खवट झालेले असतील तर मात्र सुशीला, भडंग, चिवडा कशातच घालू नका, मसाल्याखाली वास झाकला जातो पण तोंडाला कळल्याशिवाय राहत नाही. दुकानदाराकडं लगेच परत न्या, बिल असो नसो, थोडे पिशवीत तसेच ठेवून दाखवा आणि त्याच्यासमोर मुठीत वाफ सोडून त्यालाच हुंगायला द्या. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बदलून देतात, आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी आतलं पोतं न सांगता सोडतात.